दीड तासाचा व्हिडिओ आणि एक एमबीचं दार

समजा, एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी संघांनी आपल्या प्रयोगाचं चित्रण संकेतस्थळावर चढवायचं आहे. फाइल 1.2 जीबीची आणि घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग 5 एमबीपीएस. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी 32 मिनिटं लागणार. नेहमीच्या फॉर्ममधून ही फाइल एकाच विनंतीत जाते. एकोणतिसाव्या मिनिटाला वायफाय क्षणभर गेलं, तरी आधीचं सगळं वाया जातं आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

बहुतेक वेळा गोष्ट तिथवर पोहोचतही नाही, कारण वाटेतल्या प्रत्येक प्रोग्रॅमची आकारमर्यादा वेगळी असते. पुढे उभा असलेला एन्जिनएक्स मुळात फक्त 1 एमबीची विनंती आत घेतो. त्यामागच्या पीएचपीत एका फाइलला 2 एमबी आणि पूर्ण फॉर्मला 8 एमबी अशी मूळ मर्यादा असते. एन्जिनएक्सने अडवलं तर 413 हा क्रमांक येतो, पण ब्राउझरला तो नीट दाखवता येईलच असं नाही. वापरणाऱ्याला कनेक्शन तुटल्यासारखं वाटतं. पीएचपीने अडवलं तर आणखी गोंधळ होतो. पूर्ण फॉर्मची मर्यादा ओलांडली की फाइलच काय, नाव-पत्त्याचे रकानेही प्रोग्रॅमला रिकामे मिळतात आणि ‘कृपया नाव भरा’ असा संदेश येतो. नाव तर भरलेलं असतं! असा संदेश दिसला की आधी फाइलचा आकार पाहावा.

अशा वेळी मर्यादा 2 जीबीपर्यंत वाढवून मोकळं व्हायचा मोह होतो. मला तो उपाय चुकीचा वाटतो. त्याने 32 मिनिटांची एक नाजूक विनंती तशीच राहते, आणि कुणालाही सर्व्हरवर अवाढव्य विनंत्या टाकायची मुभा मिळते. विनंतीच लहान करावी, हे बरं.

ब्राउझरला फाइलचा हवा तेवढा भाग `slice()` ने कापून घेता येतो. आपली फाइल 8 एमबीच्या तुकड्यांत कापली तर 150 तुकडे होतात आणि प्रत्येकाला जेमतेम 13 सेकंद लागतात. एन्जिनएक्सची मर्यादा 10 एमबी ठेवली की पुरते. हे तुकडे पाठवायचे कसे, याचा टस नावाचा खुला प्रोटोकॉल आहे. ब्राउझर आधी पूर्ण फाइलचा आकार कळवतो, सर्व्हर त्या अपलोडसाठी एक पत्ता देतो आणि मग तुकडे क्रमाने त्या पत्त्यावर जातात.

खरी कसोटी नेट तुटल्यावर लागते. 112 तुकडे पोहोचले, म्हणजे 89 कोटी 60 लाख बाइट, आणि 113वा अर्ध्यावर तुटला. आता कुठून सुरू करायचं? पडद्यावरची टक्केवारी इथे कामाची नाही, कारण ती किती पाठवलं ते मोजते. सर्व्हरच्या डिस्कवर किती उतरलं, ते नाही. म्हणून ब्राउझर त्याच पत्त्यावर `HEAD` विनंती करून विचारतो आणि उत्तर येतं:

```
Upload-Offset: 899340032
Upload-Length: 1200000000
```

हा आकडा 8 एमबीच्या पटीत नाही, कारण सर्व्हरने तुटलेल्या तुकड्याचा आलेला भागही जपून ठेवला. पुढचा तुकडा नेमका याच बाइटपासून कापायचा. 113व्या तुकड्याच्या आरंभापासून पाठवला तर सर्व्हर 409 म्हणून नाकारतो, आणि ते योग्यच आहे. तसं घेतलं असतं तर व्हिडिओत तोच भाग दोनदा शिरला असता.

टॅबच बंद झाला असेल, तर ब्राउझर स्वतःहून ती फाइल पुन्हा उघडू शकत नाही. माणसाला ती परत निवडावी लागते. नाव, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ जुळली, की साठवून ठेवलेला पत्ता वापरून काम पुढे चालू होतं. ‘तीच फाइल पुन्हा निवडा’ ही ओळ पानावर ठळक लिहिली नाही, तर लोक नवं अपलोड सुरू करतात.

एक धोका मात्र तुकड्यांमुळेच येतो. एन्जिनएक्स आता फक्त तुकडा मोजतो, पूर्ण फाइल नव्हे. 10 एमबीची मर्यादा पाळत कुणी 500 जीबी ओतू शकतो. म्हणून एकूण मर्यादा प्रोग्रॅमनेच, पत्ता देण्याआधी, कळवलेल्या आकारावर तपासावी. आणि त्या आकारापलीकडचे बाइट स्वीकारू नयेत.

अर्धवट सोडलेली अपलोडंही डिस्क खात राहतात. अॅमेझॉनच्या एस3 साठवणुकीत तुकड्यांनी फाइल चढवली आणि मधेच सोडली, तर ते तुकडे फाइलींच्या नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, पण त्यांचं भाडं लागतं. तिथे अपुरी अपलोडं ठरावीक दिवसांनी पुसण्याचा नियम लावता येतो. स्पर्धेसाठी सात दिवस पुरेसे आहेत, आणि ती मुदत संघांना आधीच सांगून ठेवावी.