राखणीच्या कुत्र्याच्या तीन खेपा

शेतातल्या वस्तीवर राहणारं कुत्रं रात्रभर मोकळं असतं. उसात कोल्हा शिरला की त्याच्या मागे धावतं, गावातल्या कुत्र्यांशी भांडतं आणि पहाटे गोठ्यापाशी येऊन झोपतं. केसांखाली दात लागलेला असला तरी आपल्या लक्षात येत नाही. चावणारं जनावर पिसाळलेलं असेल, तर रेबीजची लक्षणं दिसायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. तोवर ती रात्र आपण विसरून गेलेलो असतो.

पिसाळलेला कुत्रा म्हटलं की अंगावर धावून येणारा, दिसेल त्याला चावणारा कुत्रा आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण रेबीजचं दुसरं रूप शांत असतं आणि फसवं असतं. कुत्रं कोपऱ्यात बसून राहतं, त्याचा आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, तोंडातून लाळ गळते आणि त्याला गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलं असावं. मग घरातलं कोणीतरी माणूस मायेनं त्याच्या तोंडात हात घालतं. असं कधीही करू नका. गाय किंवा बैल अचानक लाळ गाळू लागला, घोगरं हंबरू लागला, तरी तोंडात हात घालण्याआधी पशुवैद्यकाला बोलवा. लाळेतला विषाणू हातावरच्या छोट्याशा खरचटीतूनही शरीरात जाऊ शकतो.

लक्षणं दिसू लागल्यावर कुत्र्यासाठी यावर उपचार नाही. लस आधीच द्यावी लागते. ती कशी द्यायची, ते एका पिल्लावरून पाहू. समजा, आपल्या कुत्रीला १ नोव्हेंबरला पिल्लं झाली. नोव्हेंबरच्या मध्यापासून, दर पंधरा दिवसांनी, पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत जंताचं औषध द्यायचं. औषध किती द्यायचं हे वजनावर ठरतं, म्हणून पिल्लू तोलून मगच डॉक्टरांना विचारा. पोट फुगलेल्या, जंतांनी पोखरलेल्या पिल्लाच्या अंगात लस नीट लागू पडत नाही.

आता दवाखान्याच्या खेपा. पहिली डिसेंबरअखेर, पिल्लू दोन महिन्यांचं झाल्यावर. त्या वेळी पार्वो आणि डिस्टेंपर या रोगांची एकत्र लस मिळते. रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन पिल्लं पटापट मरतात, तो बहुतेक वेळा पार्वोच असतो. दुसरी खेप जानेवारीअखेर: याच लसीचा दुसरा डोस आणि सोबत रेबीजची पहिली लस. तिसरी फेब्रुवारीअखेर: दोन्ही लसींचा पुढचा डोस. त्यानंतर रेबीजची लस दर वर्षी, आणि एकत्र लस डॉक्टर सांगतील तेव्हा.

एकच सुई का पुरत नाही? आईच्या दुधातून पिल्लाला काही संरक्षण मिळालेलं असतं. ते असेपर्यंत लसीचा परिणाम पुरता होत नाही, आणि ते नेमकं कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. शेवटच्या डोसनंतरही दोन-तीन आठवडे पिल्लू गावात मोकळं सोडू नका.

लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. दुकानातून घेतलेली बाटली उन्हात, खिशात घालून वस्तीवर आणली, तर ती निकामी होऊ शकते. ती गोठली तरीही बिघडते. त्यामुळे कुत्र्यालाच दवाखान्यात न्या. डॉक्टर वस्तीवर येणार असतील, तर लस बर्फाच्या पेटीतून आणायला सांगा. ताप किंवा हगवण असलेल्या कुत्र्याला आधी बरं होऊ द्या.

कुत्रं माणसाला चावलं, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि तिथं सांगतील ते सगळे डोस पूर्ण करा. आपल्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून घरी थांबू नका. कुत्र्याला मारू नका, बांधून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीपासून विषाणू लाळेत येतो. त्यामुळे चावल्यानंतर दहा दिवस कुत्रं ठणठणीत राहिलं, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं समजतात. पण माणसाचे उपचार त्या दहा दिवसांसाठी थांबवायचे नाहीत.

उलट आपल्याच कुत्र्याला कोल्हा किंवा अनोळखी कुत्रं चावलं, तर हातात मोजे घालून जखम धुवा आणि लस झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लशीचं कार्ड सोबत न्या. शेवटची लस कधी झाली, यावरच पुढचे डोस ठरतात. म्हणून कार्डावरची पुढची तारीख आजच घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.