वर्गणी संपली, कार्डाचं काय?

1 ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार देशातल्या ऑनलाइन विक्रेत्यांना तुमचा पूर्ण कार्ड नंबर साठवता येत नाही. त्यांच्याकडे असतं त्याऐवजी तयार केलेलं टोकन आणि ओळखीपुरते शेवटचे चार आकडे. वर्गणी थांबवली म्हणून हे टोकन आपोआप मिटेलच असं नाही. बँकेच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर टोकन दिलेल्या कंपन्यांची यादी मिळते. तिथून ते स्वतः काढा. ऑटोपेची परवानगी वेगळी रद्द करा.

नाव, पत्ता, फोन मात्र बँकेच्या हातात नाही. त्यासाठी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला खात्याशी जोडलेल्या ईमेलवरून लिहा: ‘माझी वैयक्तिक माहिती पुसा आणि पुसल्याचं लेखी कळवा.’ करासाठी जुनी बिलं कंपनीला ठेवावी लागतात. पण जाहिरातींसाठी तुमचा नंबर ठेवायला ते कारण पुढे करू देऊ नका.