सोसायटीचा वाढावा कुणाचा?

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एक प्रश्न आला होता: दूध सोसायटीला वर्षाअखेर जो नफा होतो तो सगळ्यांना सारखा का वाटत नाहीत? उत्तर आम्ही गोष्टीतून देणार आहोत. गोष्ट रचलेली आहे, आकडे हिशेब सोपा जावा म्हणून घेतलेले आहेत. कायदा मात्र खरा आहे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०.

बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या वाटेवर एक गाव आहे असं धरा. सोसायटीचे १२५ सभासद. ३१ मार्चला वर्ष संपलं, लेखापरीक्षण झालं, आणि आता वार्षिक सर्वसाधारण सभा भरली आहे. ही सभा सहा महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. सचिव फळ्यावर लिहितात: वर्षभरातलं दूध १ लाख लिटर. त्यापोटी सभासदांना दिलेले पैसे ५० लाख. पगार, वीज, वाहतूक असा सगळा खर्च जाऊन उरले २ लाख ४० हजार.

मागून एक आवाज येतो, "१२५ घरं आहेत. सारखे वाटून टाका आणि सभा संपवा."

सचिव म्हणतात, "दादा, वाटायचे आहेतच. पण आधी हे पैसे आले कुठून ते बघू."

इथे जरा थांबू, कारण सगळी गोष्ट या एका प्रश्नावर उभी आहे. दुकानदाराचा नफा गिऱ्हाइकाकडून येतो. सोसायटीला नफा देणारं गिऱ्हाईक म्हणजे तिचे स्वतःचेच सभासद. दूध घालताना त्यांना जो दर मिळाला तो जपून, थोडा हात राखून दिलेला होता, कारण वर्षभरात खर्च किती होईल हे एप्रिलमध्ये कुणाला ठाऊक नसतं. खर्च भागून जे उरलं ते प्रत्येक लिटरमागे राखून ठेवलेलं दुधाचंच मोल. म्हणून आपल्याकडे त्याला दरफरक म्हणतात. कोल्हापूरकडे दिवाळीच्या तोंडावर गोकुळच्या दरफरकाची चर्चा घराघरांत असते. आमच्या मते बोनसपेक्षा हा शब्द कितीतरी नेमका आहे. बोनस म्हटलं की वाटतं, कुणीतरी खूश होऊन दिला.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे १८४४ मध्ये विणकरांनी दुकान काढलं आणि उरलेली रक्कम, ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत दिली. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यात, आणंदला, दूध संघ उभा राहिला तेव्हा खरेदीच्या जागी दूध आलं, एवढाच फरक.

आता फळ्याकडे वळू. कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. म्हणजे ६० हजार तिथे गेले. राहिले १ लाख ८० हजार. सभासदांचं भागभांडवल ८० हजार आहे, त्यावर दहा टक्के लाभांश, ८ हजार. शिक्षण निधी, कर्मचाऱ्यांचा बोनस वगैरे मिळून २२ हजार. बाकी दीड लाख. हे दुधाच्या किमतीवर वाटायचे. ५० लाखांवर दीड लाख, म्हणजे शंभर रुपयांच्या दुधामागे तीन रुपये.

एक म्हशीवाली मावशी आहे. तिचं वर्षाचं दूध ३० हजारांचं. तिला ९०० रुपये. मोठा गोठा असलेल्या काकांचं दूध ५ लाखांचं, त्यांना १५ हजार. आणि एक जुने सभासद आहेत, ५ हजारांचे शेअर, पण गोठा कधीच मोडला. त्यांना लाभांशाचे ५०० मिळतील, दरफरक शून्य.

हे जुने सभासद उठतात. "सोसायटी उभी राहिली ती आमच्या पैशावर. शेअरप्रमाणे वाटा." तसं केलं तर त्यांना एकट्याला ९ हजारांच्या वर मिळतील, आणि शंभराचा एकच शेअर घेतलेल्या मावशीला दोनशेसुद्धा नाही. कायद्याने हा रस्ता बंद केला आहे. भांडवलावर साधारणपणे १५ टक्क्यांच्या वर लाभांश देता येत नाही. पैसा इथे मजुरीला ठेवला आहे, मालक केलेला नाही.

मग मावशी विचारते, आणि खरा अवघड प्रश्न हाच. "सारखे वाटले तर मला बाराशे मिळतात. तुमच्या हिशेबात नऊशे. माझे तीनशे का जावेत?"

तिचं गणित बरोबर आहे. शिवाय सभेत एका सभासदाला एक मत असतं, आणि कमी दूध घालणारे संख्येनं जास्त असतात. सचिवांनी "नियम आहे" म्हणून गप्प बसवलं असतं तर सभा तिथेच फुटली असती. त्यांनी दुसरा हिशेब मांडला.

"मावशी, मोठ्या गोठेवाल्यांना पंधरा हजारांच्या जागी बाराशे दिले तर ते काय करतील? उल्हासनगर, अंबरनाथ इथून किती लांब? मिठाईवाल्याला रोखीनं दूध घालतील. समजा निम्मं दूध गेलं. लिटरमागे आपल्याला चार रुपये सुटतात, म्हणजे चार लाखांचे दोन लाख झाले. खर्च आज १ लाख ६० हजार आहे. दूध निम्मं झालं म्हणून मोजणाऱ्याचा पगार आणि मशीनची वीज निम्मी होत नाही. दीड लाख तरी लागणारच. उरले ५० हजार. राखीव निधी, लाभांश आणि बाकीचे २२ हजार वजा करा. साडेसात हजार राहतात. १२५ जणांत वाटा."

साठ रुपये.

हे उत्तर सगळ्याच गावांत चालेल असं नाही. जिथे दूध न्यायला दुसरं कुणी येत नाही, तिथे मोठा गोठेवाला कुठे जाणार? पण शहराला लागून असलेल्या पट्ट्यात हा धोका रोजचा आहे.

आता एक गोष्ट, जी सभेत सहसा कुणी विचारत नाही. वाढावा मोठा आला म्हणजे कारभार चांगला, असं समजू नका. सोसायटी सभासदाला त्याच्या नमुन्याच्या फॅटवर पैसे देते. संघ सोसायटीला सगळ्या गोळा दुधाच्या फॅटवर देतो. गावात फॅट सातत्यानं कमी लागत असेल तर मधला फरक सोसायटीकडे साठतो आणि वर्षाअखेर नफा म्हणून दिसतो. दरफरकाने तो भरून निघत नाही, कारण दरफरक दिलेल्या किमतीवर मोजतात. ज्याचं फॅट कमी लागलं त्याचा हिस्साही कमीच येतो. ओळखायचं कसं? दहा दिवसांच्या बिलातली गावाची सरासरी फॅट आणि संघाच्या पावतीवरची फॅट शेजारी ठेवा. थोडाफार फरक चालायचाच. दर बिलाला तो एकाच बाजूला झुकत असेल तर वजनकाटा आणि फॅट मशीन तपासायला सांगा.

आणि ताळेबंदात पशुखाद्याची येणी किती आहेत ते वाचा. नफा २ लाख ४० हजार, पण त्यातले दोन लाख उधार दिलेल्या पेंडीत अडकलेले, असंही असतं. मग ठराव मंजूर होतो आणि दिवाळीला पैसे मिळत नाहीत. आमच्या गोष्टीतल्या सचिवांनी येणी फळ्यावर लिहिली होती, १८ हजार, आणि ती कुणाकुणाच्या दरफरकातून वळती करायची त्याची यादी दाराला लावली होती. यादीत पहिलं नाव त्यांच्या सख्ख्या भावाचं होतं.