दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर म्हणजे नेमकं काय?

x³ − २x − ५ = ० हे समीकरण न्यूटननं १६६९ साली आपली पद्धत समजावण्यासाठी निवडलं होतं. आजही न्यूमेरिकल मेथड्सच्या वह्यांमध्ये ते हमखास दिसतं. न्यूटनच्या पद्धतीला स्पर्शिका लागते. द्विभाजन पद्धतीला, म्हणजेच बायसेक्शनला, फक्त अधिक आणि उणे ओळखता आलं की पुरतं.

f(x) = x³ − २x − ५ घेतलं तर f(२) = −१ आणि f(३) = +१६. फल संतत आहे, म्हणजे मध्ये कुठंही न तुटता ते उणेतून अधिकात जातं. त्यामुळे २ आणि ३ यांच्यामध्ये ते कुठंतरी शून्य होणारच. याची काटेकोर सिद्धता बोल्झानोनं १८१७ मध्ये दिली. पुढचं काम सरळ आहे. मध्यबिंदू काढायचा, तिथलं चिन्ह पाहायचं आणि ज्या अर्ध्या भागाच्या दोन टोकांना विरुद्ध चिन्हं आहेत तो भाग ठेवायचा.

| पायरी | मध्यबिंदू | f(x) |
|---|---|---|
| १ | २.५ | +५.६२५० |
| २ | २.२५ | +१.८९०६ |
| ३ | २.१२५ | +०.३४५७ |
| ४ | २.०६२५ | −०.३५१३ |
| ५ | २.०९३७५ | −०.००८९ |
| ६ | २.१०९३७५ | +०.१६६८ |
| ७ | २.१०१५६२५ | +०.०७८६ |
| ८ | २.०९७६५६२५ | +०.०३४७ |
| ९ | २.०९५७०३१२५ | +०.०१२९ |
| १० | २.०९४७२६५६२५ | +०.००२० |

दर पायरीला अंतराल निम्मं होतं. म्हणून n व्या मध्यबिंदूची त्रुटी जास्तीत जास्त (b − a)/२ⁿ असते. इथं b − a = १, त्यामुळे त्रुटी ०.००५ च्या आत हवी असेल तर २ⁿ किमान २०० हवं. २⁷ = १२८ कमी पडतं, २⁸ = २५६ पुरतं. म्हणजे आठ पायऱ्या, आणि हे एकही मध्यबिंदू काढण्याआधी सांगता येतं.

ही मर्यादा हमी देते, अंदाज नाही. खरं मूळ २.०९४५५ च्या आसपास आहे. पाचव्या पायरीची हमी ०.०३१२५ ची होती, पण प्रत्यक्ष त्रुटी निघाली फक्त ०.०००८. सहाव्या पायरीला हमी निम्म्यावर आली, तरी प्रत्यक्ष त्रुटी ०.०१४८ पर्यंत वाढली. मर्यादा दर वेळी घटते, त्रुटी मात्र मध्येच वाढू शकते. त्यामुळे उत्तरासोबत लिहायची ती मर्यादाच.

आता आठव्या पायरीकडे पाहा. २.०९७६५६२५ ची त्रुटी ०.००३१ आहे, म्हणजे हमीप्रमाणे ०.००५ च्या आतच. पण दोन स्थळांपर्यंत राउंड केल्यावर ती संख्या २.१० होते, तर खरं मूळ २.०९ होतं. सूत्र चुकलेलं नाही. 'त्रुटी ०.००५ पेक्षा कमी' आणि 'दोन दशांश स्थळं बरोबर' या दोन वेगळ्या मागण्या आहेत. मूळ २.०९५ या सीमेजवळ असल्यामुळे इथं दोन्हींतला फरक उघड झाला. दुसऱ्या मागणीची कसोटी अशी: उरलेल्या अंतरालाची दोन्ही टोकं राउंड केल्यावर एकच संख्या मिळाली पाहिजे. नवव्या पायरीनंतर टोकं २.०९३७५ आणि २.०९५७०३ आहेत, ती २.०९ आणि २.१० देतात. दहाव्या पायरीनंतर टोकं २.०९३७५ आणि २.०९४७२७ होतात आणि दोन्ही २.०९ देतात. थांबायचं ते इथं.

हातानं आकडेमोड करताना आणखी एक धोका असतो. दहाव्या पायरीला मध्यबिंदूचे पुढचे आकडे कापून २.०९४ नं f काढलं, तर उत्तर −०.००६२ येतं. खऱ्या मध्यबिंदूला ते अधिक आहे. उणे चिन्ह धरून वहीत टोक म्हणून २.०९४७ लिहिलं की उरलेल्या अंतरालात मूळच राहत नाही, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या भलत्याच जागी जमा होतात. पण टोकही २.०९४ च लिहिलं तर काही बिघडत नाही. भागणारा बिंदू अगदी मधोमध असलाच पाहिजे असं नाही. ज्या संख्येला चिन्ह तपासलं तीच टोक म्हणून लिहिली पाहिजे. मात्र मग २ⁿ चं सूत्र बाजूला ठेवून त्रुटी प्रत्यक्ष टोकांवरून मोजावी.

चिन्हबदल नसेल तर ही पद्धत सुरूच होत नाही. (x − २)² ला २ हे मूळ आहे, पण दोन्ही बाजूंना फल अधिकच राहतं. उलट tan x चं चिन्ह १ आणि २ यांच्यामध्ये बदलतं, पण तिथं मूळ नाही. π/२ पाशी फल तुटतं. हे वहीतही दिसतं: अंतराल लहान होत जातं तशा f च्या किमती शून्याकडे न येता फुगत जातात.

म्हणून परीक्षेतलं उत्तर असं लिहावं: मूळ २.०९३७५ आणि २.०९४७३ यांच्या दरम्यान आहे. दोन दशांश स्थळांपर्यंत २.०९.