ग्रीन टी कडू का होतो?

ग्रीन टी मुळातच कडू असतो, हा समज बहुतेकांचा पहिल्याच कपात पक्का होतो. हा कप करण्याची पद्धत दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या कार्यालयात आणि पुण्या-मुंबईच्या घरात सारखीच असते. विजेच्या किटलीतले खळखळते पाणी थेट कपात ओतायचे, त्यात पिशवी सोडायची आणि हातातले काम आटोपेपर्यंत ती तशीच राहू द्यायची. अशा कपातला कडूपणा पत्तीपेक्षा पद्धतीचा जास्त असतो.

काळ्या चहाची पाने चुरून हवेत ठेवतात. त्यामुळे पानातल्या कॅटेचिन या तुरट-कडू द्रव्यांचे रूप बदलते. शिवाय आपल्याकडे तो दुधात उकळतात आणि दुधातली प्रथिने उरलेला तुरटपणा बांधून ठेवतात. म्हणूनच तो कितीही उकळला तरी चालतो. ग्रीन टीची पाने मात्र खुडल्यावर लवकरच तापवतात. पुढचा बदल तिथेच थांबतो आणि कॅटेचिने पानात तशीच राहतात. चवीला गोडसर, भरीव करणारे थिअनिन हे द्रव्य कोमट पाण्यातही सहज उतरते. कॅटेचिने आणि कॅफिन पाणी जितके गरम तितकी वेगाने आणि जास्त उतरतात. कडूपणा टाळायचा म्हणजे पहिले उतरू द्यायचे आणि दुसऱ्याला आवर घालायचा.

उकळत्या पाण्याशिवाय चहा ‘उतरत नाही’ हा समज दुधाच्या चहावरून आलेला आहे. ग्रीन टीसाठी साधारण 75 ते 80 अंश सेल्सियस पाणी पुरते, आणि त्यासाठी तापमापीही लागत नाही. दिल्लीत पाणी 99 अंशांच्या आसपास उकळते. 200 मिलिलिटरचा कप भरायचा असेल, तर 150 मिलिलिटर उकळत्या पाण्यात 50 मिलिलिटर पिण्याचे साधे पाणी मिसळावे. साधे पाणी 25 अंशांचे असेल, तर मिश्रण सुमारे 80 अंशांवर येते. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत हेच पाणी 12 अंशांचे असते, तेव्हा मिश्रण 77 च्या जवळ राहते आणि तेही चालते. उन्हाळ्यात मात्र साधे पाणीच 35 अंशांवर जाते. मग याच मापाने मिश्रण 83 अंशांचे होते, म्हणून 140 ला 60 असे प्रमाण घ्यावे. थंड कपही काही अंश खातो, ते सोयीचेच पडते. पाणी आधी मिसळून मगच पत्ती घालणे महत्त्वाचे आहे. उकळते पाणी पत्तीवर पडल्यानंतर वरून गार पाणी घातले, तर उतरलेला कडूपणा फक्त पातळ होतो.

जास्त वेळ मुरवला की जास्त गुणकारी, हा दुसरा हट्टी समज. वेळेबरोबर कॅटेचिने थोडी अधिक उतरतात हे खरे, पण चव बिघडून कप अर्धा टाकून द्यावा लागला तर त्याचा उपयोग नाही. सुट्या, अखंड पानांना अडीच ते तीन मिनिटे द्यावीत. पिशवीत बारीक चुरा असतो आणि तो भराभर उतरतो, म्हणून तिला दीड ते दोन मिनिटे पुरेत. त्यानंतर पत्ती पाण्यातून बाहेर काढायलाच हवी. पिशवी काढताना पिळू नये, कारण शेवटचे थेंब सर्वांत तुरट असतात. जपानी सेन्चासारख्या वाफवलेल्या चहाला 70 अंश आणि एक ते दीड मिनिट बास होते.

पत्ती कमी घातली की कडूपणा कमी, हे अर्धेच खरे आहे. चिमूटभर पत्ती घातली की चहा फिका वाटतो आणि मग तो दहा मिनिटे मुरवला जातो. त्यात थिअनिन अपुरेच राहते, कडूपणा मात्र पुरेपूर उतरतो. 200 मिलिलिटरला 2 ग्रॅम पत्ती हे भरवशाचे माप आहे. चमचा इथे फसवतो: कांगड्याच्या मोकळ्या, लांबट पानांचा चमचा हलका भरतो, तर गोळ्यांसारख्या वळलेल्या पानांचा तोच चमचा कितीतरी जड होतो. घरात काटा असेल, तर नवी पत्ती आणल्यावर एकदा मोजून चमचा ठरवून टाकावा. चांगली पाने दुसऱ्यांदाही वापरता येतात. ती आधीच फुगलेली असल्याने दुसऱ्या वेळी एक-दीड मिनिटच पुरते.

चव बिघडण्याचे नेमके कारण एका वेळी एकच गोष्ट बदलून सापडते. आधी पाणी गार करून पाहावे, मग वेळ कमी करावी, पत्तीचे माप शेवटी बदलावे. 70 अंशांच्या पाण्यात एक मिनिट ठेवूनही चहा कडू किंवा जळकट लागला, तर दोष पत्तीचा आहे. ती शिळी आहे किंवा तयार करतानाच करपलेली आहे आणि कोणत्याही पद्धतीने ती सुधारत नाही. तेव्हा पत्तीच बदलावी.