राखीव दिवसांची एकच पोतडी

सुरतेत दिवाळीला मिल बंद झाली की आम्हा मेंटेनन्सवाल्यांची खरी धावपळ सुरू होते. पांडेसरातल्या ज्या प्रोसेस हाउसमध्ये मी आहे, तिथे एका दिवाळीत स्टेंटरची, म्हणजे कापड ताणून धरत गरम हवेने वाळवणाऱ्या यंत्राची, मोठी दुरुस्ती होती. हाती दिवस २१.

अंदाज मागवले. यंत्र खोलायला ४ दिवस, नवी साखळी आणि बेअरिंग बसवायला १०, वायरिंगला ८, चाचणीला ६. एकूण २८! खोटे कोणीच बोलत नव्हते. उशीर झाला तर बोलणी बसतील, म्हणून प्रत्येकाने थोडे दिवस खिशात ठेवले होते. गंमत अशी की हे खिशातले दिवस कधी उरत नाहीत. हाती आठ दिवस असले की पहिले चार कसे जातात, ते परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि काम लवकर आटोपले तरी कोणी सांगत नाही. पुढच्या वेळी तेवढेच दिवस मिळतील ना!

एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ साली ‘क्रिटिकल चेन’ या पुस्तकात सुचवलेला उपाय आम्ही वापरला. प्रत्येक अंदाज निम्मा केला: २, ५, ४ आणि ३, म्हणजे १४ दिवस. वाचलेल्या १४ पैकी निम्मे, म्हणजे ७ दिवस, शेवटी सगळ्यांसाठी एकत्र राखून ठेवले. झाले २१. निम्मे पुरतात, कारण चारही कामे एकदम रखडत नाहीत; एकाचे लांबते तेव्हा दुसऱ्याचे वेळेत होते.

आणखी एक गाठ सोडवावी लागली. बॉयलरच्या पॅनलचे काम आणि स्टेंटरचे वायरिंग एकाच आठवड्यात येत होते, आणि इलेक्ट्रिशियन एकच. म्हणून साखळी बसत असतानाच बॉयलरचे काम उरकून घेतले.

खोलायला ३ दिवस लागले, साखळीला ८. म्हणजे निम्मे काम झाले आणि राखीव ७ पैकी ४ दिवस संपले! राखीव दिवस कामापेक्षा वेगाने संपू लागले की तो इशारा समजायचा. आम्ही इलेक्ट्रिशियनला दोन दिवस आधीच तयार राहायला सांगून ठेवले होते, मदतीला हेल्पर दिला, आणि वायरिंग ३ दिवसांत झाले. चाचणीला ४ लागले. अठराव्या दिवशी स्टेंटर सुरू झाला.

मात्र नव्या काँक्रीटचा पाया घालायचा असता तर त्याचे पाणी मारण्याचे दिवस निम्मे करता आले नसते. ते राखीव नव्हेत, गरजेचेच. सगळे कारागीर एकदम गावी गेले, तर चारही कामे एकाच कारणाने अडतात आणि सात दिवसांची पोतडी अपुरी पडते. दिवाळीत सुरतेत हे काही नवल नाही, म्हणून कोण थांबणार ते आधी पक्के केले होते. आणि ५ दिवसांच्या कामाला ८ लागले म्हणून साहेबांनी फिटरला झापले असते, तर पुढच्या वर्षी त्याने पुन्हा १० च सांगितले असते.