फळ्यावरचे २८ चौकोन

नववीच्या मुलींसमोर डॉक्टरबाईंनी फळ्यावर २८ चौकोन आखले आणि पहिल्यावर लाल खडूने खूण केली. हा पाळीचा पहिला दिवस. मोजणी इथून सुरू होते, रक्तस्राव थांबल्यावर नव्हे.

मग त्या शेवटाकडून मागे मोजत आल्या. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी अंडाशयातून एक बीज सुटतं आणि बीजवाहिनीत येतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज सुटण्याआधीच्या शरीरसंबंधातूनही गर्भ राहू शकतो. बीज आणि शुक्रजंतू बीजवाहिनीत एकत्र येतात आणि साधारण आठवड्याने गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. गर्भ राहिला नाही, तर तेच अस्तर पाळीवाटे बाहेर पडतं.

“माझी पाळी ३५ दिवसांनी येते,” एक मुलगी म्हणाली. बाईंनी सात चौकोन वाढवले. तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटणार. पण पुढची पाळी २६ दिवसांतच आली तर? मग बारावा दिवस.

किशोरवयात पाळी २१ ते ४५ दिवसांत कधीही येऊ शकते, त्यामुळे ‘सुरक्षित दिवस’ मोजण्यावर विसंबता येत नाही. हे मुलींना स्पष्ट सांगायलाच हवं. शरीरसंबंध आला असेल आणि पाळी चुकली, तर वाट न पाहता लघवीची तपासणी करावी.